सप्टेंबरचा तांदूळ

बीड जिल्ह्यात पुराच्या मदतीचा साठा करायचाय असं सांगितलं की समोरचा आधी आपल्या तोंडाकडे बघतो. टँकरच्या मुलखात पूर कसला? देणगीदारांचंही तसंच. चारा छावणी म्हटलं की खिशात हात जातो, पुराच्या गोदामासाठी मात्र "आधी पाऊस तर पडू द्या" हे ठरलेलं उत्तर. जून-जुलैत त्यांचं बरोबरही असतं. ढग येतात आणि जातात, दुबार पेरणीच्या गप्पा सुरू होतात, आणि गोदामात थप्पी लावून ठेवलेल्या तांदळाकडे बघून आमच्याच संस्थेतलं कुणीतरी म्हणतं, "हा वाटून तरी टाकू."

आपल्याकडचा मोठा पूर बहुतेक वेळा पावसाळ्याच्या शेपटाला येतो, हे एकदा नीट समजून घेतलं की साठ्याची निम्मी कोडी सुटतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगा पहिला पाऊस पिऊन टाकतात. रिकामी धरणं पुढचे दोन महिने येईल तेवढं पाणी पोटात घेतात. ऑगस्ट संपता संपता रान तुडुंब भिजलेलं असतं, धरण काठोकाठ असतं, आणि मग परतीच्या वाटेवरचा पाऊस जेवढा पडेल तेवढा सरळ नदीला लागतो. २०२१ साली गुलाब चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या पावसाने २८ सप्टेंबरला मांजरा धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले. २०२५ मध्ये सीना, सिंदफणा, मांजरा सगळ्या सप्टेंबरमध्येच फुगल्या, आणि महिनाअखेरीस जायकवाडीतून गोदावरीत सुमारे ३ लाख क्युसेक पाणी सुटलं. ऑगस्टचे पूरही आहेतच. गोदाकाठची म्हातारी माणसं २००६ चा पूर अजून सांगतात. पण तयारी करणाऱ्याने मनात सप्टेंबरच धरावा. मे महिन्यात भरलेला तांदूळ सप्टेंबरच्या शेवटी चार महिन्यांचा झालेला असतो, आणि त्यातले तीन महिने दमट हवेचे असतात.

त्यामुळे आम्ही मे महिन्यातच सगळं धान्य भरत नाही. मे-जूनमध्ये लागेल त्याच्या निम्मं, आणि उरलेलं पोळ्याच्या आधी, ऑगस्टच्या मध्यात. न सडणाऱ्या वस्तू मात्र बारा महिने गोदामात असतात.

आता साठा कशासाठी? सगळ्या पुरासाठी नाही. दोन-तीन दिवसांत तहसीलमधून धान्य निघतं, पुण्या-मुंबईहून टेम्पो येतात, कधी कधी तर एवढे येतात की रस्त्यावरच्या गावाला पाच वेळा मिळतं आणि आतल्या गावाला एकदाही नाही. आमच्यासारख्या लहान संस्थेने त्या गर्दीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी घरात शिरल्यापासून पहिला सरकारी ट्रॅक्टर गावात पोचेपर्यंतचे बहात्तर तास आपले. एवढंच धरलं की यादी आपोआप लहान होते. जुने कपडे, भांडी, चादरींचे ढीग, शाळेची दप्तरं हे सगळं नंतरचं. त्यांना गोदामात जागा नाही.

दुसरा प्रश्न माल कुठे ठेवायचा याचा. पाणी इथे दोन तऱ्हांनी येतं. गोदावरीचं पाणी सांगून येतं. पैठणला दरवाजे उघडले की विसर्गाचा आकडा मोबाइलवर येतो, दवंडी होते, आणि गेवराई तालुक्यातल्या काठच्या गावांना हातात काही तास मिळतात. तेवढ्यात तालुक्याच्या गोदामातून टेम्पो निघून पोचू शकतो. या गावांचा माल एकाच जागी ठेवला तरी चालतो, उलट तेच बरं, कारण कुठल्या गावाला जास्त लागेल हे आधी ठाऊक नसतं. ओढ्याचं पाणी मात्र सांगत नाही. वरच्या डोंगरपट्ट्यात रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला की पहाटे ओढा गावात, आणि गावाच्या रस्त्यावरचा कमी उंचीचा पूल सगळ्यात आधी पाण्याखाली. अशा गावाचा माल तालुक्याला ठेवणं म्हणजे न ठेवल्यासारखंच. त्या गावात शाळेच्या माळ्यावर नाहीतर देवळाच्या उंच ओट्यावरच्या खोलीत एक मोठी पत्र्याची पेटी ठेवावी लागते. तिच्या दोन किल्ल्या, दोन वेगवेगळ्या घरी, आणि दोन्ही घरं ओढ्याच्या पेटीकडच्या अंगाला. हे लिहिताना पोरकट वाटतं, पण किल्लीवाला पलीकडच्या वस्तीवर अडकला की कुलूप तोडायला पहार शोधण्यात जातो तो वेळ नेमका कामाचा असतो.

आता किती? गावाला विचारलं तर "अख्खं गाव धरा" असंच उत्तर येतं, आणि त्यात कुणाचं चुकतही नाही. म्हणून विचारायचं वेगळं: मागच्या वेळी पाणी कुठपर्यंत आलं होतं? कोतवाल, एखादी म्हातारी, देवळाचा पुजारी यांच्याबरोबर चालत जायचं. कुणी भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतं, कुणी पिंपळाची कुठली फांदी बुडाली ते सांगतं. तिथे चुन्याची खूण करायची आणि खुणेखालचे उंबरे मोजायचे.

हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. पाच गावं, मिळून बाराशे घरं, त्यातली खुणेखाली ३२० निघाली असं धरा. आपल्याकडे पाणी चढायला लागलं की निम्मी माणसं माळावरच्या भावकीत, पलीकडच्या गावच्या पाव्हण्यांकडे जातात. उरली १६० घरं, घरटी पाच माणसं धरली तर ८०० जीव शाळेत, देवळात, समाजमंदिरात. तीन दिवस. यापेक्षा मोठा आकडा कागदावर छान दिसतो, पण तो पोसायला पैसा आणि फिरवायला माणसं लागतात.

खायचं काय ठेवायचं, यावर मला सगळ्यात शहाणा सल्ला दिला तो शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एका मावशींनी. यादीत गव्हाचं पीठ होतं. त्यांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, पाचशे माणसाच्या पोळ्या लाटणार कोण? तवे कुठून आणणार? आन् गहू दिला तर दळायचा कुठं, लाइट कुठं आहे?" पूर आला की आधी वीज जाते आणि तिच्याबरोबर गिरणी. ज्वारी-बाजरीचं पीठ तर साठवायचंच नाही, बाजरीचं काही दिवसांत कडू होतं आणि ज्वारीचंही पावसाळ्यात फार काळ राहत नाही. भाकरीवर वाढलेल्या माणसाला तीन दिवस भात म्हणजे उपासच वाटतो, हे खरं आहे. पण एका पातेल्यात, एका शेगडीवर, दोन बायांच्या हातून शेकडो माणसांचं होतं ते फक्त खिचडीचं. शाळेत पातेली असतात, शेगडी असते, शिजवणारी असते. आपण फक्त शिधा द्यायचा. म्हणून घरोघरी वाटायच्या पुड्या आम्ही बांधत नाही, मोठ्या पोत्यातच माल ठेवतो. सुट्या पुडीला ओल लवकर लागते आणि तपासायलाही तीच अवघड.

माणशी दिवसाला साधारण २१०० कॅलरी मिळाव्यात असं मदतकार्यात धरतात. आपल्या वस्तूंत ते असं बसतं: तांदूळ ४०० ग्रॅम, तूरडाळ ७५, तेल ३० आणि गूळ ४५ ग्रॅम. मीठ-हळद वेगळी. तीनातला पहिला दिवस शिजवण्याचा नसतोच, त्या दिवशी माणसं माणसं शोधत असतात. तेव्हा ८०० माणसांचे दोन दिवस शिजवायचे. तांदूळ ६४० किलो, डाळ १२० किलो, तेल ४८ किलो म्हणजे पंधरा लिटरचे साडेतीन डबे. ज्यांच्या घरात पाणी शिरलं नाही पण चूल पेटली नाही असेही जेवायला येतात, शिवाय ट्रॅक्टरवाले, पोरं. त्यांना धरून आम्ही तांदूळ सात क्विंटल आणि तेलाचे चार डबे म्हणतो. पन्नास किलोची चौदा पोती. पाच गावांचा दोन दिवसांचा तांदूळ एका छोट्या खोलीच्या एका कोपऱ्यात मावतो. लोकांना गोदाम म्हटलं की बाजार समितीची शेड डोळ्यांसमोर येते.

पहिल्या दिवसासाठी कोरडं: फुटाणे, शेंगदाणे, गूळ आणि ग्लुकोज बिस्किटं. मुरमुरे आम्ही सोडून दिले. ते जागा खातात आणि पावसाळ्यात डबा एकदा उघडला की सादळतात. शेंगदाणा खवट होतो, म्हणून तो थोडाच, आणि दर पाच-सहा आठवड्यांनी बदलायचा. लहान बाळांसाठी दूध पावडर नि बाटल्या द्या, असा आग्रह दरवर्षी कुणीतरी धरतं. ठेवू नये. गढूळ पाण्यात कालवलेलं दूध आणि न उकळलेली बाटली यांनी तान्ह्या बाळाला जुलाब होतात. अंगावर पाजणाऱ्या आईला जास्तीचं जेवण आणि एक आडोसा मिळाला तर ते जास्त उपयोगाचं. ज्या बाळाला खरंच वरचं दूध लागतं त्याची गोष्ट आशाताई आणि डॉक्टरांच्या नजरेखाली वेगळी.

पाण्याचा हिशेब मला स्वतःला फार आवडतो, कारण इथे टनभर ओझं मुठीत येतं. ८०० माणसांना पिण्यापुरतं माणशी तीन लिटर, तीन दिवस, म्हणजे ७,२०० लिटर. बाटल्या ठेवायच्या तर सात टनांवर माल, आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या पत्र्याखाली उन्हात तापवून ठेवायच्या. त्याऐवजी क्लोरिनच्या गोळ्या. ६७ मिलिग्रॅमची एक गोळी वीस लिटरला. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी साडेसात लिटर धरलं तरी तीन दिवसांचे १८,००० लिटर होतात, आणि त्याला ९०० गोळ्या लागतात. सगळ्या मिळून बुटाच्या खोक्यात बसतात. पट्टीत बंद असल्या की सहसा पाच वर्षं राहतात, तरी पट्टीवरची तारीख बघायचीच.

पण गोळीला मर्यादा आहे आणि ती वाटताना सांगावी लागते. पुराचं पाणी चहासारखं असतं. त्यात टाकलेला क्लोरिन गाळातच खर्च होतो. आधी पाणी स्थिर ठेवायचं, तुरटी फिरवायची, वरचं निवळ पाणी चौपदरी फडक्यातून गाळायचं, मग गोळी, मग अर्धा तास थांबायचं. तरीही पाणी गढूळ दिसलं तर दोन गोळ्या. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या माणसाला ओटी टेस्ट येते. बाटलीतल्या पाण्यात थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे, रंग आला नाही तर अजून हवा. गोळ्यांच्या खोक्यात म्हणून तुरटी, फडकी आणि ओटीची बाटली हवीच, आणि बाजूला झाकणाचे, खाली तोटी असलेले वीस लिटरचे कॅन. उघड्या घागरीत ओगराळं बुडवायला लागलं की गोळी फुकट जाते. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर आम्ही साठवत नाही. नव्या पावडरीत तीसेक टक्के क्लोरिन असतो, पण दमट खोलीत पोतं उघडं राहिलं की तो उडत जातो, आणि शेजारची पत्र्याची पेटीही गंजते. विहीर शुद्ध करायला टीसीएल लागतेच, पण ती ग्रामपंचायतीने ताजी आणावी.

ताडपत्रीचा आकडा ठरवताना बाहेरच्या संस्थांचे लोक हमखास अडखळतात. त्यांच्या कागदावर घरटी एक, चार मीटर बाय सहा मीटर. आपल्याकडे सप्टेंबरअखेर म्हणजे सोयाबीन काढणीची वेळ. कापलेल्या सोयाबीनची गंज रानात उभी असते आणि वर्षाचा पैसा त्या गंजीत असतो. तुम्ही घरासाठी दिलेली ताडपत्री माणूस आधी गंजीवर टाकतो आणि स्वतः बायकापोरांसह गळक्या पत्र्याखाली बसतो. दुसऱ्या दिवशी पाहणीला आलेला कुणी म्हणतो की मदतीचा गैरवापर झाला. मला तो गैरवापर वाटत नाही. भिजलेल्या शेंगेला कोंब फुटले की त्या घराला पुढचं वर्षभर कुणाची ना कुणाची मदत लागणार असते. म्हणून आम्ही घरटी दोन धरतो, आणि त्यासाठी यादीतली दुसरी काही वस्तू सोडतो. १६० घरांना ३२०. जाडी २०० ते २५० जीएसएम, कडेला दोरी ओवलेली, कोपऱ्यांना कड्या. बाजारातली पातळ निळी एका पावसाळ्यात उन्हाने फाटते, तिच्यात पैसे घालू नयेत. गोदामातल्या ताडपत्रीचे शत्रू दोनच: ऊन आणि उंदीर. घडीच्या टोकाला कुरतडलं की उलगडल्यावर ओळीने भोकं निघतात. म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक गठ्ठ्यातली एक तरी उघडून बघायची.

बाकीचं थोडक्यात. टॉर्च हवेतच, पूर ओसरताना साप कोरड्या जागेला येतात. त्यांचे सेल बाहेर काढून वेगळे ठेवायचे, आत ठेवले तर फुटून सगळं खराब करतात. सोलर दिवे दर तीन महिन्यांनी उन्हात चार्ज केले नाहीत तर पुराच्या रात्री पेटत नाहीत. ओआरएस, साबण, पॅड. जनावरांसाठी कडबा साठवणं आम्हाला कधी जमलं नाही. शंभर जनावरांना तीन दिवसांचा म्हटलं तरी सतरा-अठरा क्विंटल होतो, जागा अडवतो आणि भिजला की बुरशी. हवाबंद पिशवीतला मुरघास वर्षभर टिकतो, पिशवीला भोक मात्र पडता कामा नये. ज्या गावात दूधवाले आहेत तिथे तो त्यांच्याच गोठ्यात ठेवलेला बरा, ते रोज वापरतात आणि रोज बघतात.

या शेवटच्या वाक्यात साठा फिरवण्याचं सगळं गमक आहे असं मला वाटतं. जो माल कुणीतरी एरवीही वापरतो तोच ताजा राहतो. गोदामातली शिस्त लागतेच: पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे मांजर आणि माणूस दोघंही मागून फिरू शकतात. प्रत्येक पोत्यावर खरेदीचा महिना ढोबळ अक्षरात. वापरताना मात्र खरेदीची तारीख बघून चालत नाही, संपण्याची बघायची. दुकानदाराने ऑगस्टमध्ये दिलेलं तेलाचं खोकं कधी जूनच्या खोक्याहून जुनं निघतं. दर पंधरा दिवसांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा. आत ऊब लागली तर ओल किंवा किडा आहे. दाणा दाताखाली कट्कन तुटला तर कोरडा, दबला तर ओला. तूरडाळीत पोरकिडा दिसला की ती आधी बाहेर. किडीसाठी सेल्फॉसच्या विषारी गोळ्या टाकायचा सल्ला व्यापारी सहज देतात. माणसं राहतात किंवा झोपतात अशा इमारतीत त्या अजिबात नकोत, त्यांचा वायू दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि माणसं मारतो.

पण कितीही हात घातला तरी न लागलेल्या तांदळाचं करायचं काय, हे खरेदीच्या दिवशीच ठरलेलं असावं लागतं. आमच्या भागात याचं उत्तर पंचांगातच आहे. पुराची भीती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि मागे राहिलेल्या पोरांसाठी गावोगाव हंगामी वसतिगृहं सुरू होतात. पुराचा धोका संपतो आणि जेवणाऱ्यांचं ताट तयार होतं, दोन्ही जवळपास एकाच महिन्यात. त्यामुळे आम्ही जूनमध्येच वसतिगृह चालवणाऱ्या समितीशी बोलून ठेवतो: पूर आला नाही तर नोव्हेंबरमध्ये इतका तांदूळ, इतकी डाळ तुमची. त्यांनाही खरेदी पुढे ढकलता येते. देताना एक पोतं त्यांच्यासमोर उघडून शिजवून दाखवायचं. मुदत संपलेलं काहीही द्यायचं नाही, आणि मुदत संपायला दोन महिने उरले असताना देतोय हे कागदावर लिहून द्यायचं.

ऑगस्टचा दुसरा हप्ता मात्र आम्ही विकत घेऊन ठेवत नाहीच. तालुक्यातल्या एका किराणा व्यापाऱ्याशी ठरलेलं आहे की १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर त्याच्या गोदामात साडेतीन क्विंटल तांदूळ आणि साठ किलो डाळ कधीच कमी होणार नाही. तो रोज विकतो, रोज भरतो, त्याचा माल आपोआप फिरत राहतो. आम्ही त्याला दोन महिन्यांचं थोडं भाडं देतो, आणि माल उचलला तर त्या दिवशीच्या भावाने पैसे. पहिल्यांदा तो हसला होता. "न नेलेल्या मालाचे पैसे देताय?" मग त्याने स्वतःच एक अट घातली: रात्री फोन आला तर हमाल आणि टेम्पो तुमचे. आम्ही एक घातली: दुकान बंद असलं तरी किल्ली गावात हवी, आणि महिन्यातून दोनदा न सांगता येऊन पोती मोजणार.

अडचण उरते ती जमाखर्चाची. जे वर्ष कोरडं जातं त्या वर्षी देणगीदाराला दाखवायला फोटो नसतो. व्यापाऱ्याला दिलेलं भाडं त्याला वाया गेलेलं दिसतं, आणि वसतिगृहाला दिलेला तांदूळ पुराच्या नावाने का दाखवलाय असं लेखापरीक्षक विचारतो. आम्ही आता साठ्याच्या वहीत चार रकाने केलेत: पुरात वापरलं, मुदतीआधी वसतिगृहाला दिलं, खराब झालं, पुढच्या वर्षी नेलं. तिसरा रकाना कोरा ठेवण्याच्या नादात कुणी किडकी डाळ दुसऱ्या रकान्यात लिहू नये, म्हणून त्या रकान्यावर सही वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीची असते, आमची नसते.